पाण्यावर जमवलेल्या वायूचा हिशेब

मॅग्नेशिअमची फीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. हे बुडबुडे पाण्याने भरलेल्या उलट्या नळीत सोडले की ते वर चढतात, नळीतले पाणी खाली ढकलतात आणि नळीच्या बंद टोकाशी वायू साठत जातो. नळीवर मिलिलिटरच्या खुणा असतील तर वायूचे आकारमान डोळ्यांनी वाचता येते. पण तिथे जमलेला वायू निव्वळ हायड्रोजन नसतो. पाण्यातून वर येताना आणि पाण्याला लागून राहताना त्यात पाण्याची वाफ मिसळलेली असते. ती दिसत नाही, तिला वास नाही, तरीही नळीतल्या दाबाचा एक हिस्सा ती उचलत असते. पाण्यावर जमवलेल्या वायूची गणिते म्हणजे हा हिस्सा किती, तो काढून टाकल्यावर खऱ्या वायूच्या वाट्याला किती दाब उरतो आणि त्यावरून वायू किती तयार झाला, याचा हिशेब.

वायू पाण्यावर गोळा करण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पदार्थ तापवून निघणारी हवा नळीवाटे पाण्याने भरलेल्या उलट्या भांड्यात नेण्याची योजना दिली होती. पुढे १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी धातू आणि आम्ल यांपासून मिळणाऱ्या ज्वलनशील हवेचा, म्हणजे आजच्या हायड्रोजनचा, पद्धतशीर अभ्यास केला. या रीतीचा मोठा फायदा असा की भांड्यात आधीची हवा उरत नाही, कारण ते काठोकाठ पाण्याने भरलेले असते. वायू हवेपेक्षा जड की हलका, हा प्रश्नही आड येत नाही. तोटा एकच, तो म्हणजे वाफेचा.

ही वाफ किती असेल हे ठरवायला वायूचा प्रकार पाहावा लागत नाही. बंद जागेत पाणी असले की पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सुटून वर जातात आणि वरच्या जागेतले काही रेणू परत पाण्यात येतात. काही वेळाने जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या सारखी होते. मग वरची जागा वाफेने संपृक्त झाली, असे म्हणतात आणि त्या वेळी वाफेचा जो दाब असतो त्याला त्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब म्हणतात. शेजारी हायड्रोजन आहे की ऑक्सिजन, जागा मोठी आहे की लहान, याने हा दाब बदलत नाही. तो फक्त तापमानावर ठरतो आणि तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. १० अंश सेल्सिअसला तो पाऱ्याचे ९.२ मिलिमीटर असतो, २० अंशांना १७.५, ३० अंशांना ३१.८ आणि ४० अंशांना ५५.३. शंभर अंशांना तो ७६० मिलिमीटर होतो, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका. पाणी उकळते ते याच कारणाने.

या आकड्यांतच आपल्याकडच्या प्रयोगशाळांसाठी एक इशारा आहे. थंड देशात १० अंशांच्या पाण्यावर वायू जमवला तर वाफेचा वाटा एकूण दाबाच्या जेमतेम सव्वा टक्का असतो. विदर्भात उन्हाळ्यात टाकीतले पाणी ३५ अंशांना पोचले तर बाष्पदाब ४२ मिलिमीटरच्या पुढे जातो. नागपूरच्या हवेचा दाब ७३० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर हा वाटा जवळपास पावणेसहा टक्के झाला. तो विसरून केलेले गणित चांगल्या काट्याने केलेले वजनही वाया घालवते.

दोन वायू एकाच नळीत असताना एकूण दाबाची वाटणी कशी करायची, याचे उत्तर जॉन डाल्टन यांनी १८०१ मध्ये मँचेस्टरला दिले. एकमेकांशी रासायनिक क्रिया न करणाऱ्या वायूंच्या मिश्रणाचा एकूण दाब हा त्यांच्या स्वतंत्र दाबांच्या बेरजेइतका असतो. प्रत्येक वायू ती सगळी जागा एकट्याने व्यापून असता तर त्याने जो दाब दिला असता तो त्याचा आंशिक दाब. डाल्टन हा नियम वाफेच्या वाटेनेच आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांना हवामानाची ओढ होती. १७८७ पासून १८४४ साली मृत्यू होईपर्यंत ते हवामानाची रोजनिशी ठेवत राहिले. हवेत पाण्याची वाफ कोणत्या स्वरूपात असते, ती हवेशी संयोग पावते की नुसती मिसळून राहते, हा त्यांचा प्रश्न होता. निरनिराळ्या तापमानांना पाण्याच्या वाफेचा दाब मोजून त्यांनी कोष्टक केले आणि वाफ हवेत असो वा पोकळीत, तिचा दाब तापमानानेच ठरतो, असे त्यांना आढळले. त्यामुळे पाण्यावर जमवलेला वायू हे या नियमाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण वाटत असले तरी नियमाचा जन्मच अशा ओल्या हवेत झालेला आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहता येईल. प्रयोगशाळा पुण्यातली आहे. मॅग्नेशिअमची ३६ मिलिग्रॅम वजनाची फीत, म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटरचा तुकडा, काचकागदाने घासून चकचकीत केला आहे. ५० मिलिलिटरच्या एका टोकाने बंद अशा मापननळीत आधी थोडे आम्ल ओतले आणि त्यावर नळी काठोकाठ भरेपर्यंत अलगद पाणी सोडले. तांब्याच्या तारेच्या जाळीत अडकवलेली फीत तोंडाशी ठेवून नळी पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात उलटी केली. आम्ल पाण्यापेक्षा जड असल्याने ते हळूहळू खाली उतरते आणि फितीला गाठते. बुडबुडे सुरू होतात, वायू वर साठतो. तांबे या आम्लाशी क्रिया करत नाही, म्हणून तार तशीच राहते. फीत संपल्यावर लगेच आकारमान वाचायचे नाही. क्रियेत उष्णता बाहेर पडते आणि वायू कोमट असतो. नळी काही मिनिटे तशीच ठेवून ती आजूबाजूच्या पाण्याच्या तापमानाला आली की मग वाचन घ्यायचे.

समजा पाण्याचे तापमान २७ अंश आहे. मापननळी उंच काचपात्रातल्या पाण्यात नेऊन वरखाली केली आणि नळीच्या आतली पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीशी जुळवली. पातळ्या जुळल्या की आतल्या ओल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असतो. वायूचे आकारमान ४०.४ मिलिलिटर आहे. प्रयोगशाळेतल्या दाबमापकावर हवेचा दाब ७१२ मिलिमीटर आहे.

या शेवटच्या आकड्यावर थोडे थांबायला हवे, कारण इथेच पुष्कळ गणिते बिघडतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथला प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या, म्हणजे पाऱ्याच्या ७१२ मिलिमीटरच्या आसपास असतो. मोबाइलवरच्या हवामानात मात्र त्याच दिवशी १०१० हेक्टोपास्कल दिसतो. तो आकडा खोटा नसतो. निरनिराळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानशास्त्रात दाब समुद्रसपाटीला आणून सांगायची पद्धत आहे. नळीतल्या वायूवर मात्र पुण्याच्या छपराखालची हवाच दाबत असते. म्हणून गणितात घ्यायचा तो जागेवर मोजलेला दाब. पुस्तकातला ७६० मिलिमीटर मुंबईत चालून जाईल, घाटावर चालणार नाही.

पुढचे पाऊल वजाबाकीचे. २७ अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब २६.७ मिलिमीटर असतो. एकूण ७१२ मधून तो वजा केला की हायड्रोजनचा आंशिक दाब उरतो ६८५.३ मिलिमीटर. आकारमान मात्र ४०.४ मिलिलिटरच राहते, कारण हायड्रोजन आणि वाफ दोन्ही तीच सगळी जागा व्यापून असतात. विद्यार्थी इथे अनेकदा आकारमानातूनही काहीतरी वजा करू पाहतात. वाटणी दाबाची झाली आहे, जागेची नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

आता हा कोरडा हायड्रोजन प्रमाण स्थितीला, म्हणजे शून्य अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर दाबाला, किती जागा घेईल ते पाहायचे. दाब वाढला तर आकारमान घटते, म्हणून ४०.४ ला ६८५.३ भागिले ७६० ने गुणायचे. तापमान उतरले तरी आकारमान घटते, म्हणून आणखी २७३.१५ भागिले ३००.१५ ने गुणायचे. तापमान केल्व्हिनमध्येच घ्यायचे असते, तेव्हा २७ अंशांचे ३००.१५ झाले. उत्तर येते ३३.१५ मिलिलिटर. या स्थितीला एक मोल आदर्श वायू २२,४१४ मिलिलिटर जागा घेतो. भागाकार केला की ०.००१४७९ मोल हायड्रोजन मिळतो.

क्रियेचे समीकरण असे आहे:

Mg + 2HCl → MgCl₂ + H₂

मॅग्नेशिअमच्या एका मोलापासून हायड्रोजनचा एक मोल, असा सरळ हिशेब आहे. म्हणजे मॅग्नेशिअमही ०.००१४७९ मोल विरघळले असले पाहिजे. एका मोलाचे वजन २४.३१ ग्रॅम, तेव्हा विरघळलेल्या फितीचे वजन सुमारे ३५.९ मिलिग्रॅम. काट्यावर ती ३६ मिलिग्रॅम भरली होती. हिशेब जुळला.

वजाबाकी विसरली असती तर काय झाले असते, तेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ७१२ मिलिमीटर हा सगळाच हायड्रोजनचा दाब धरला तर प्रमाण स्थितीतले आकारमान ३४.४ मिलिलिटर येते आणि त्यावरून मॅग्नेशिअम निघते ३७.४ मिलिग्रॅम. मोबाइलवरचा १०१० हेक्टोपास्कल घेऊन वाफेची वजाबाकी अगदी नीट केली, तरी उत्तर ३८.३ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. दोन्ही उत्तरांत टाकल्यापेक्षा जास्त धातू विरघळलेला दिसतो आणि असे होणे शक्य नाही. हीच या प्रयोगातली चूक ओळखायची खूण आहे. उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आले तर पहिला संशय दाबाच्या आकड्यावर किंवा विसरलेल्या वाफेवर घ्यावा. वायू अजून कोमट असताना वाचन घेतले असेल तरीही उत्तर फुगते. उलट उत्तर कमी आले तर फितीवर ऑक्साइडचा थर राहिला असेल, फितीचा तुकडा सुटून क्रियेबाहेर पडला असेल किंवा नळी उलटी करताना काही बुडबुडे निसटले असतील. नळी उलटी करताना तिच्यात हवा शिरली असेल तर मात्र उत्तर पुन्हा वरच्या बाजूला सरकते.

पातळ्या जुळवता आल्या नाहीत तर गणित अडत नाही, फक्त एक पायरी वाढते. नळी तोकड्या भांड्यात असेल आणि आतले पाणी बाहेरच्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंच राहिले असेल, तर बाहेरच्या हवेला आतला वायू आणि तो पाण्याचा स्तंभ असे दोन्ही तोलून धरावे लागतात. आतल्या वायूचा दाब तेवढ्याने कमी असतो. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट घन आहे, म्हणून १५० मिलिमीटर पाणी म्हणजे ११ मिलिमीटर पारा. एकूण ओला दाब मग ७१२ वजा ११, म्हणजे ७०१. त्यातून वाफेचे २६.७ गेले की हायड्रोजनला उरले ६७४.३ मिलिमीटर. अशा स्थितीत तोच हायड्रोजन ४०.४ ऐवजी जवळपास ४१.१ मिलिलिटर जागा घेताना दिसेल. मोलांचा आकडा मात्र बदलणार नाही. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली असेल तर हेच ११ मिलिमीटर वजा न करता मिळवावे लागतात.

या सगळ्या गणितांत खरी अडचण वजाबाकीची नसते. ओला वायू दाबला किंवा थंड केला तर काय होते, इथे ती येते. बॉइलचा नियम ठरावीक प्रमाणातल्या वायूसाठी आहे. नळीतला हायड्रोजन ठरावीक आहे, वाफ नाही. वरच्या उदाहरणातला ओला वायू २७ अंशांनाच, पाण्याला लागलेला ठेवून, निम्म्या आकारमानात दाबला तर घाईत कोणीही ७१२ ची दुप्पट करून १४२४ मिलिमीटर सांगेल. प्रत्यक्षात हायड्रोजनचा दाब दुप्पट होऊन १३७०.६ होतो, पण वाफेचा दाब २६.७ च्या वर जाऊच शकत नाही. जागा निम्मी होताच निम्मी वाफ पाणी होऊन नळीच्या काचेवर आणि खालच्या पाण्यात जाते. एकूण दाब भरतो १३९७.३ मिलिमीटर. म्हणून नियम लावायचा तो कोरड्या वायूला. आधी वाफ वजा करायची, कोरड्या वायूचे गणित करायचे आणि शेवटी ओला दाब हवा असेल तर नव्या तापमानाची वाफ पुन्हा मिळवायची.

तापमान बदलले तर हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने येतो. नळी पाण्यासकट १७ अंशांपर्यंत थंड केली आणि पातळ्या पुन्हा जुळवल्या, असे समजू. चार्ल्सचा नियम ४०.४ मिलिलिटरला सरळ लावला तर उत्तर ३९.१ येते. पण १७ अंशांना बाष्पदाब १४.५ मिलिमीटरच असतो. वाफेने सोडलेला वाटा हायड्रोजनकडे जातो आणि त्याचा दाब ६९७.५ होतो. दाब वाढल्याने तो आणखी आकसतो आणि नळीत ३८.४ मिलिलिटर दिसतात. दोन मिलिलिटर घट झाली, त्यातला जवळपास तिसरा हिस्सा वाफ कमी झाल्यामुळे. यासाठीच तापमापी पाण्यात बुडवायचा असतो. भिंतीवरच्या तापमापीवर ३२ अंश असले तरी नळीतली वाफ २७ अंशांच्या पाण्याशी हिशेब ठेवते.

ही सगळी रीत ज्या वायूंना पाण्याची ओढ कमी आहे त्यांच्यापुरती. खोलीच्या तापमानाला हायड्रोजन पाण्याच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांहूनही कमी विरघळतो, ऑक्सिजन तीन टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याने शाळेच्या गणिताला धक्का लागत नाही. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी आहे. २५ अंशांना एक लिटर पाणी पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड रिचवते, त्यामुळे खडू आणि आम्लाच्या प्रयोगात वायू साध्या पाण्यावर मोजला तर उत्तर हमखास कमी येते. अशा वेळी मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात, कारण त्यात हा वायू बराच कमी विरघळतो. मात्र मग वजाबाकीचा आकडाही बदलावा लागतो. मिठामुळे पाण्याचे रेणू कमी सुटतात आणि अशा द्रावणावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांशच असतो. २७ अंशांना २६.७ ऐवजी साधारण २० मिलिमीटर वजा करायचे. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांना मात्र पाणी लागताच ते त्यात गडप होतात. जोसेफ प्रीस्टली यांनी हे वायू पाऱ्यावर जमवले होते. पाऱ्याचा बाष्पदाब खोलीच्या तापमानाला मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकाच असतो, म्हणून तिथे वजा करण्यासारखे काहीच उरत नाही. पण ती वाफ विषारी असल्याने शाळा-महाविद्यालयांत या दोन वायूंसाठी पाणीही नको आणि पाराही नको. हवेपेक्षा हलका अमोनिया कोरड्या उलट्या वायुपात्रात आणि जड हायड्रोजन क्लोराइड सुलट्या वायुपात्रात हवा बाजूला सारून गोळा करतात.